नव्वदावा दिवस आणि एकशेऐंशीवा दिवस : यूएपीएतल्या कोठडीचा हिशोब

१ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वकील आणि कामगार कार्यकर्त्या सुधा भारद्वाज यांना जामीन मंजूर केला. भीमा कोरेगाव–एल्गार परिषद प्रकरणात त्या तीन वर्षांहून जास्त काळ कैदेत होत्या. आरोप खरे आहेत की खोटे, याबद्दल त्या निकालात न्यायालयाने काहीच ठरवलं नाही. जामीन मिळाला तो एका वेगळ्याच कारणाने. त्यांची कोठडी ९० दिवसांपुढे वाढवण्याचा आदेश ज्या न्यायाधीशांनी दिला होता, त्यांना तो देण्याचा अधिकारच नव्हता.

बातमी वाचून अनेकांनी याला ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटका’ म्हटलं. मला हा शब्द पटत नाही. खटला उभा राहण्याआधी सरकार माणसाला किती दिवस आत ठेवू शकतं, हा प्रश्न तांत्रिक नाही. दहशतवादविरोधी कायद्यात आरोपीच्या हातात जी थोडीशी ठोस संरक्षणं उरतात, त्यातलं हे एक आहे, आणि ते पूर्णपणे तारखांवर चालतं. म्हणून या तारखा नीट समजून घेऊ.

साध्या गुन्ह्यात काय होतं ते आधी पाहू. पोलिसांनी अटक केली की २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. तिथून रिमांड मिळतो, आधी पोलीस कोठडी आणि मग न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. पण हे अनंतकाळ चालू शकत नाही. गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आणि बाकीच्या गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास संपवून आरोपपत्र दाखल करायचं असतं. ते झालं नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. त्याला कोर्टात सगळे ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. इथे गुन्हा किती भयंकर आहे, पुरावा किती भक्कम आहे, हे न्यायाधीशांनी बघायचंच नसतं. दिवस भरले का, आरोपपत्र आलं का, अर्ज केला का आणि जामीनदार द्यायला तयार आहे का, एवढंच बघायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १६७ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८७ मध्ये आहे.

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, हे वेळापत्रक बदलतो. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर २००८ च्या डिसेंबरमध्ये संसदेने या कायद्यात कलम ४३-ड घातलं. त्यानुसार पोलीस कोठडी १५ ऐवजी ३० दिवसांची झाली. आरोपपत्राची मुदत ९० दिवस राहिली, पण न्यायालयाची खात्री पटली तर ती १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. सहा महिने. महाराष्ट्राच्या मकोका कायद्यातही हीच १८० दिवसांची सोय १९९९ पासून आहे.

ही वाढ आपोआप मिळत नाही, आणि खरी लढाई इथेच होते. कायदा म्हणतो की सरकारी वकिलाने न्यायालयाला अहवाल द्यायचा. तपास कुठवर आला आणि ९० दिवसांनंतरही या आरोपीला कोठडीत ठेवणं नेमकं का गरजेचं आहे, या दोन्ही गोष्टी त्यात हव्यात. ‘तपास अपूर्ण आहे’ एवढं म्हणून भागत नाही, कारण अपूर्ण तपास आरोपी बाहेर असतानाही चालू राहू शकतो.

हा अहवाल सरकारी वकिलाचाच हवा, तपास अधिकाऱ्याचा नाही, हे आग्रहाने सांगितलं गेलं ते टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात. १९९४ मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा अर्ज पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस नाही. त्याने कागद वाचावेत, स्वतः विचार करावा आणि पटलं तरच मुदतवाढ मागावी. पोलीस खातं आणि तुरुंगातला माणूस यांच्यामध्ये एक स्वतंत्र डोकं असावं, हा त्यामागचा विचार.

प्रत्यक्षात हे डोकं कितपत स्वतंत्र असतं? याच भीमा कोरेगाव प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या बाबतीत हा वाद झाला. मुदतवाढीचा कागद प्रत्यक्षात तपास अधिकाऱ्याचाच आहे, म्हणून ती वाढ मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये उलट निकाल दिला. कागदाची मांडणी बरोबर नसली तरी सरकारी वकिलाने त्यावर विचार केला होता, असं त्यांचं मत पडलं. मला उच्च न्यायालयाची भूमिका जास्त योग्य वाटते. ज्या कागदाच्या जोरावर माणूस आणखी तीन महिने आत राहणार आहे, त्या कागदात वकिलाचा विचार दिसलाच पाहिजे. पण आजचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने सांगितला तोच आहे.

अहवाल कोणी दिला याइतकंच तो कोणापुढे दिला, हेही महत्त्वाचं. यूएपीएचे गुन्हे राष्ट्रीय तपास संस्थेच्या, म्हणजे एनआयएच्या कायद्याखालीही येतात, आणि त्या कायद्याने अशा खटल्यांसाठी विशेष न्यायालयं नेमायची तरतूद केली आहे. तपास एनआयए करत नसून राज्याचे पोलीस करत असतील, तरीही हा नियम लागू होतो का? २०२० मध्ये बिक्रमजीत सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘हो’ असं उत्तर दिलं. विशेष न्यायालय नेमलेलं असेल तर मुदतवाढ तेच देऊ शकतं. नेमलेलं नसेल तर सत्र न्यायालय देऊ शकतं, पण मॅजिस्ट्रेट नाही. डिफॉल्ट जामिनाचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हेही याच निकालात स्पष्ट झालं.

आता सुधा भारद्वाज यांच्या तारखा लावून पाहू. २८ ऑगस्ट २०१८ ला त्यांना अटक झाली. लगेच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या घरातच नजरकैदेत राहिल्या, आणि तो काळ मोजला गेला नाही. २८ ऑक्टोबरला पुण्याच्या न्यायालयाने त्यांना कोठडी दिली आणि दिवस मोजायला सुरुवात झाली. ऑक्टोबरचे ४, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २५ मिळून ९०. म्हणजे २५ जानेवारी २०१९ हा नव्वदावा दिवस. त्याआधीच, २६ नोव्हेंबरला, पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी आणखी ९० दिवसांची वाढ देऊन टाकली होती. आरोपपत्र दाखल झालं २१ फेब्रुवारी २०१९ ला. वाढ वैध धरली तर आरोपपत्र वेळेत आलं. वाढ अवैध धरली तर ते जवळजवळ चार आठवडे उशिरा आलं. सगळं प्रकरण या एका आदेशावर येऊन थांबलं.

पुण्यात त्या वेळी एनआयए कायद्याखाली विशेष न्यायालय नेमलेलं होतं, पण वाढ देणारे न्यायाधीश ते नव्हते. म्हणून वाढ कायद्यात टिकत नाही आणि ९० दिवसांनंतरची कोठडी बेकायदा ठरते, असं उच्च न्यायालयाने ठरवलं. भारद्वाज यांनी जामिनाचा अर्ज ९० दिवस भरण्याआधीच केला होता. सरकारने तो मुदतपूर्व म्हणून बाद ठरवायला सांगितलं. पण तो अर्ज निकाली न काढता तसाच ठेवला गेला होता, मधल्या काळात ९० दिवस उलटून गेले होते, आणि आरोपपत्र आलेलं नव्हतं. न्यायालयाने अर्ज जिवंत धरला. एनआयए सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे ७ डिसेंबरला अपील फेटाळलं गेलं आणि दोन दिवसांनी त्या भायखळा तुरुंगातून बाहेर आल्या. तोपर्यंत या खटल्यात आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती.

त्याच दिवशी, त्याच खंडपीठाने आणखी आठ आरोपींचे अर्ज मात्र फेटाळले. चुकीचे न्यायाधीश हा मुद्दा त्यांच्याही बाजूने होता. पण त्यांनी योग्य वेळेत, म्हणजे मुदत संपल्यावर आणि आरोपपत्र येण्याआधी, डिफॉल्ट जामीन मागितलेला नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. हा भाग मला सगळ्यात कठोर वाटतो. कोठडीत बसलेल्या माणसाला आपला हक्क कधी उगवतो आणि कधी मावळतो हे कळायचं कसं?

या कठोरपणाचं मूळ १९९४ च्या आणखी एका मुंबईतल्या प्रकरणात आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त टाडाखाली आरोपी होता. त्याच्या अर्जावर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हा हक्क अबाधित आहे खरा, पण आरोपपत्र दाखल होईपर्यंतच. तोवर वापरला नाही तर संपला. पुढे २००१ मध्ये उदय मोहनलाल आचार्य खटल्यात न्यायालयाने यातली एक फट बुजवली. आरोपीने अर्ज केला आणि जामीनदार द्यायची तयारी दाखवली, की हक्क वापरला असं धरायचं. मग न्यायालयाने निकालाला वेळ लावला आणि दरम्यान पोलिसांनी आरोपपत्र आणून टाकलं, तरी हक्क जात नाही. ही घाई किती टोकाची असते हे २०२० च्या रवींद्रन प्रकरणात दिसतं. अमली पदार्थांच्या त्या खटल्यातही मुदत १८० दिवसांची होती. दिवस भरल्यावर सकाळी साडेदहाला आरोपीने अर्ज दिला आणि त्याच दिवशी दुपारी ४ वाजून २५ मिनिटांनी तपास यंत्रणेने आरोपपत्राच्या जागी असलेली फिर्याद दाखल केली. सर्वोच्च न्यायालयाने सकाळचा अर्ज ग्राह्य धरून जामीन दिला.

म्हणून अशा खटल्यात वकील पहिल्या दिवसापासून कॅलेंडर मांडून बसतात. पहिल्या रिमांडचा दिवस मोजायचा की नाही, यावर बरीच वर्षं मतभेद होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो मोजायचाच असं ठरवलं. शिवाय मुदतवाढीच्या अर्जावर सुनावणी होते तेव्हा आरोपीला न्यायालयापुढे, निदान व्हिडिओवर, हजर करून काय चाललं आहे हे सांगणं बंधनकारक आहे. २०२२ च्या जिगर विरुद्ध गुजरात राज्य या निकालात हे न केल्यामुळे मुदतवाढच रद्द झाली. कुटुंबीयांनी रोजनाम्याच्या प्रती काढून ठेवाव्यात तर त्या यासाठी. कोणत्या तारखेला, कोणत्या न्यायाधीशापुढे, आरोपी हजर असताना की नसताना, हे सगळं तिथेच नोंदलेलं असतं.

समजा, आरोपपत्र वेळेत आलं. मग डिफॉल्टचा रस्ता बंद होतो आणि नेहमीच्या जामिनाचा रस्ता उरतो. सिद्ध करायची जबाबदारी उलटायला लागते ती इथून.

साध्या खटल्यात आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, हे बघून जामीन ठरतो. यूएपीएच्या कलम ४३-ड(५) प्रमाणे, दहशतवादाच्या प्रकरणांतल्या गुन्ह्यांत, केस डायरी किंवा आरोपपत्र वाचून आरोप सकृतदर्शनी खरा मानायला वाजवी कारण आहे असं न्यायालयाला वाटलं, तर जामीन देता येतच नाही. आरोपपत्र लिहितात पोलीस. साक्षीदारांची उलटतपासणी झालेली नसते. बचावाचे साक्षीपुरावे अजून यायचे असतात. एका बाजूचेच कागद वाचून ‘हे खरं दिसत नाही’ असं न्यायाधीशाला पटवायचं काम आरोपीच्या वकिलावर येतं.

एप्रिल २०१९ मध्ये झहूर वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे दार आणखी घट्ट केलं. जामिनाच्या वेळी पुराव्याची चिरफाड करायची नाही, एखादा कागद पुढे पुरावा म्हणून टिकेल का तेही पाहायचं नाही, सगळं साहित्य एकत्र धरून ढोबळ मत बनवायचं, असं त्यात सांगितलं. जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने थोडी जागा करून दिली. कागदाला पुरावा म्हणून वरवर तरी काही वजन आहे का, हे तपासावंच लागेल, असं त्यांनी म्हटलं. दुसऱ्यांनी दुसऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत नाव येणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. आज कोणत्या निकालाचा आधार जास्त घेतला जाईल हे बऱ्याच अंशी खंडपीठावर अवलंबून असतं, आणि आरोपीच्या दृष्टीने ही भयंकर अनिश्चितता आहे.

या बंद दाराला एकच खिडकी आहे, ती म्हणजे खटल्याचा उशीर. फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ कोठडीत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. खटला वाजवी वेळात संपण्याची शक्यता नसेल, तर घटनात्मक न्यायालयं कलम ४३-ड(५) असूनही जामीन देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पण यासाठी आधी अनेक वर्षं तुरुंगात काढावी लागतात. झारखंडचे फादर स्टॅन स्वामी यांना तेवढा वेळ मिळाला नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले ८४ वर्षांचे स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत रुग्णालयात, कोठडीतच, वारले. त्यांच्या जामिनाची सुनावणी तेव्हा चालू होती.

खटला उभा राहिल्यावर तिसरी गोष्ट समोर येते, कलम ४३-ई. आरोपीच्या ताब्यात शस्त्रं किंवा स्फोटकं सापडली आणि तशाच प्रकारची त्या दहशतवादी कृत्यात वापरली गेली असं मानायला कारण असलं, किंवा घटनास्थळी, शस्त्रावर, वाहनावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले, तर गुन्हा त्यानेच केला असं न्यायालय गृहीत धरतं. नाही केला हे दाखवायचं त्याने.

समजा, चार जण भाड्याने राहतात त्या खोलीच्या माळ्यावर स्फोटकं सापडली. गृहीतक लागू होण्याआधी सरकार पक्षाला दोन पायऱ्या चढाव्याच लागतात. जप्ती खरी आहे आणि वस्तू याच आरोपीच्या, त्याला माहीत असलेल्या ताब्यात होती, हे सरकारनेच सिद्ध करायचं. संजय दत्तच्या त्याच १९९४ च्या निकालात टाडाच्या शस्त्रविषयक कलमाबद्दल न्यायालयाने जाणीवपूर्वक ताबा हवा असं म्हटलं होतं, आणि शस्त्राचा दहशतवादाशी संबंध नाही हे दाखवायची संधी आरोपीला असते असंही. पुढे टाडा न्यायालयाने त्याला दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केलं आणि शस्त्र कायद्याखाली दोषी धरलं. अमली पदार्थ कायद्याबाबत २००८ च्या नूर आगा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार नेमका मांडला. मूळ तथ्यं सरकारने निःसंशय सिद्ध केल्यावरच ओझं आरोपीवर सरकतं, आणि आरोपीला निःसंशय काही सिद्ध करावं लागत नाही, आपली बाजू जास्त संभाव्य आहे एवढं दाखवलं तरी पुरतं.

त्यामुळे बचावाचा खरा जोर पंचनाम्यावर असतो. पंच त्याच भागातले होते की प्रत्येक छाप्यात दिसणारे? मुद्देमाल जागेवर सील झाला का? सील कोणाकडे राहिलं आणि नमुना प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोहोचला? माळ्यावर हात कोणाकोणाचा जात होता? पहिली पायरीच मोडली तर गृहीतक उभं राहत नाही. अडचण एवढीच की हे प्रश्न विचारायची वेळ येईपर्यंत आरोपीची अनेक वर्षं तुरुंगात गेलेली असतात.

आतापर्यंतच्या सगळ्या प्रक्रियेत निदान एक गुन्हा आणि एक खटला होता. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत तोही नसतो. ‘हा माणूस पुढे काहीतरी करील’ एवढ्यावर पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात. घटनेच्या कलम २२ नेच याला परवानगी दिली आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रात रोज दिसतो तो एमपीडीए, म्हणजे झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, वाळू तस्कर, धोकादायक व्यक्ती वगैरेंसाठीचा १९८१ चा राज्याचा कायदा. त्याखाली एक वर्षापर्यंत आत ठेवता येतं. अनेकदा हा आदेश जामिनाच्या पाठोपाठ येतो. न्यायालयाने सोडलेला माणूस घरी पोहोचतो न पोहोचतो तोच पुन्हा उचलला जातो.

इथेही आधार तारखांचाच. स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांत, स्थानबद्धाला समजेल अशा भाषेत, द्यावी लागतात. राज्य सरकारची मंजुरी १२ दिवसांत हवी. प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे जायला हवं आणि मंडळाने स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत मत द्यायला हवं. मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क नाही, म्हणून स्थानबद्धाचं लेखी निवेदन फार महत्त्वाचं. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही निवेदन करता येतं हे त्याला सांगितलं नाही, किंवा केलेलं निवेदन सरकारने कारण नसताना दडपून ठेवलं, तर उच्च न्यायालयं आदेश रद्द करतात. ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ अशा निनावी गोपनीय जबाबांवर आदेश उभा असेल, तर त्यांची खातरजमा अधिकाऱ्याने स्वतः केली का, हे तपासलं जातं. शेजाऱ्याशी भांडण किंवा एकट्यादुकट्याला धमकी हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होतो. त्याने सार्वजनिक सुव्यवस्था बिघडते असं म्हणता येत नाही, आणि या एका फरकावर कितीतरी आदेश पडले आहेत. पण याचिका सुनावणीला येईपर्यंत वर्षातले बरेच महिने उलटलेले असतात. म्हणून निवेदन कारणं हातात पडल्याच्या आठवड्यातच द्यावं, तुरुंग अधीक्षकांकडून त्याची तारखेसह पोच घ्यावी, आणि सरकारचं उत्तर कोणत्या दिवशी आलं तेही लिहून ठेवावं.